'डू द नीडफुल' काढलं, पण त्या जागी लिहायचं काय?

खतावणी

नमस्कार मंडळी. मी एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, वेंडर पेमेंट बघते. वेंडरना जाणाऱ्या मेलचे आमच्याकडे ठरलेले मसुदे आहेत, ते कुणी केले हे आता कुणालाच आठवत नाही. नवीन फायनान्स हेड आले आणि त्यांनी फर्मान काढलं की या मसुद्यांतून 'काइंडली डू द नीडफुल', 'रिव्हर्ट बॅक अ‍ॅट द अर्लिएस्ट', 'फॉर युवर काइंड पेरुजल' हे सगळं हद्दपार करायचं आणि साधं, सरळ लिहायचं. काम आलं माझ्या गळ्यात.

काढायला बसले तर अडचण अशी की ते काढल्यावर मेलमध्ये काही उरतच नाही. आमचा सगळ्यात जास्त जाणारा मेल बघा, इंग्रजीच आहे, देवनागरीत देते:

'डिअर सर, युवर इन्व्हॉइस नंबर ११८ इज नॉट रिफ्लेक्टिंग इन अवर २बी. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट.'

२बी म्हणजे वेंडरनी आपापल्या जीएसटी विवरणात आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. या मेलवर उत्तरं तीन प्रकारची येतात. काही जण त्याच बिलाची पीडीएफ पुन्हा जोडतात आणि वर लिहितात 'नीडफुल डन'. काही जण 'नोटेड' लिहून गप्प बसतात. उरलेले फोन करून विचारतात, मॅडम नक्की काय करू? खरं सांगायचं तर हे तिसरेच शहाणे.

तर प्रश्न असा: या जागी काय लिहावं? आणि साधं लिहिलं की ते उद्धट वाटतं, त्याचं काय करायचं?

---

स्पष्टवक्ता

उत्तम निर्णय. हे शब्दप्रयोग म्हणजे आपल्या बाबू लोकांनी जन्माला घातलेलं चुकीचं इंग्रजी. जगात दुसरीकडे कुठेही नाही. काइंडली, प्लीज, रिस्पेक्टेड सर, सगळं उडवा. क्रियापदाने सुरुवात करा, दोन ओळींत संपवा. मी असंच लिहितो, कुणाला राग आला तर तो त्याचा प्रश्न.

---

माहेरवाशीण_डब्लिन

@स्पष्टवक्ता, चुकीचं म्हणता येणार नाही. 'डू द नीडफुल' हे ब्रिटिशांकडूनच आपल्याकडे आलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिकडच्या व्यापाऱ्यांच्या आणि वकिलांच्या पत्रांत ते सर्रास असायचं. पुढे त्यांनी ते सोडलं, आपण जपून ठेवलं. 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं, हा अर्थ सिंगापूर-मलेशियाच्या ऑफिसांतही ऐकू येतो, त्यामुळे ती एकट्या भारताचीही मिरास नाही.

पण तुमचं एक म्हणणं बरोबर आहे. इथे आयर्लंडमध्ये माझ्या टीममधल्या मंडळींना 'नीडफुल' वाचून हसू येतं एवढंच, कामाचा अंदाज ते बांधतात. 'रिव्हर्ट'ला मात्र खरोखर गोंधळतात. त्यांच्या लेखी तो शब्द म्हणजे पूर्वस्थितीला जाणं.

---

रात्रपाळी

रिव्हर्टचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडची गंमत ऐका. मी सॉफ्टवेअर सपोर्टला, रात्रपाळी. आमच्या एका मुलाने रिलीजच्या रात्री अमेरिकेतल्या माणसाला लिहिलं, 'प्लीज चेक द चेंज अँड काइंडली रिव्हर्ट.' त्याच्या मनात होतं की बदल बघ आणि मला कळव. समोरच्याने वाचलं की काहीतरी बिघडलंय, बदल मागे घ्या. आमच्या धंद्यात रिव्हर्टला एकच अर्थ आहे, तो रोज टाइप होतो:

```
git revert HEAD
```

त्याने तेच केलं. व्यवस्थित चाललेला बदल रात्री दीड वाजता मागे गेला, आणि सकाळी ग्राहक विचारतोय की काल सांगितलेली दुरुस्ती कुठे आहे. दोघांपैकी चूक कुणाची यावर आमच्याकडे अजून दोन तट आहेत. तेव्हापासून टीममध्ये अलिखित नियम आहे की उत्तर हवं असेल तर 'रिप्लाय', बदल मागे घ्यायचा असेल तर 'रोल बॅक', आणि रिव्हर्ट हा शब्द फक्त कमांडमध्ये.

'ईओडी'चंही तेच. कुणाचा ईओडी? आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे सकाळ सुरू असते. आम्ही वार आणि तास लिहितो, सोबत भारतीय वेळ की त्यांची तेही. 'गुरुवार, रात्री आठ, भारतीय वेळ.' इतकं लिहिल्यावर मेल दिसायला बावळट दिसतो, पण प्रश्न येत नाहीत.

---

मायमराठी_आग्रही

चांगला उपक्रम. इंग्रजी हटवून मराठी आणताय त्याबद्दल अभिनंदन. 'डू द नीडफुल'साठी 'आवश्यक ती कार्यवाही करावी' आणि 'रिव्हर्ट'साठी 'उलटटपाली कळवावे' असं सुचवतो. दोन्ही रूढ आहेत.

---

खतावणी

@मायमराठी_आग्रही, आभार, पण मी भाषा बदलत नाहीये. आणि 'आवश्यक ती कार्यवाही करावी' लिहिलं तरी वेंडर पुन्हा पीडीएफच पाठवणार, फक्त मराठी मेलला जोडून!

---

कर_सल्ला

मी कर सल्लागार आहे, असले मेल दोन्ही बाजूंनी बघतो. पाठवणाऱ्या कंपन्याही माझ्याकडे येतात आणि मेल मिळालेले छोटे वेंडरही.

खतावणी ताई, 'नीडफुल'च्या जागी कुठला शब्द घालायचा हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी मला सांगा, वेंडरने नक्की काय करायला हवंय? तुमच्या मेलवरून मला ते कळत नाही, आणि मी हेच काम रोज करतो.

तुमचं उदाहरण घेऊ. समजा बिल ६ ऑगस्टचं आहे. मूळ रक्कम ८०,००० रुपये, १८ टक्क्यांनी कर १४,४००. वेंडर दरमहा विवरण भरणारा असेल तर ऑगस्टची विक्री त्याने ११ सप्टेंबरपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये दाखवायची. त्याने जे दाखवलं ते १४ सप्टेंबरला तुमच्या २बीमध्ये उतरतं आणि त्यावरून तुम्ही २० तारखेच्या ३बी या कर भरायच्या विवरणात कराची वजावट घेता. १४ तारखेला ११८ नंबर दिसला नाही, म्हणून तुम्ही मेल टाकला. इथपर्यंत बरोबर?

आता न दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात. तो बिल दाखवायला विसरला असेल. दाखवलं असेल पण तुमचा जीएसटी नंबर टाकताना चुकला असेल, म्हणजे बिल भलत्याच कुणाच्या तरी २बीमध्ये जाऊन बसलंय. किंवा तुम्हाला नोंदणी नसलेला ग्राहक धरून विक्री एकगठ्ठा दाखवली असेल. विसरला असेल तर सप्टेंबरच्या विवरणात, ११ ऑक्टोबरपर्यंत, हे बिल टाकायचं. दाखवलंय पण चुकीचं, तर आधीच्या नोंदीत दुरुस्ती करायची, नुसती नवीन नोंद टाकायची नाही. टाकली तर तीच विक्री दोनदा दिसेल आणि त्याच्यावर कर दोनदा चढेल. म्हणजे एकाच 'नीडफुल'मध्ये दोन अगदी वेगळी कामं लपली आहेत आणि एकाच्या जागी दुसरं केलं तर वेंडरचं नुकसान आहे.

बिलाची पीडीएफ पुन्हा पाठवणं या दोन्हीत कुठेच बसत नाही. पण तुम्ही 'बिल दिसत नाही' लिहिलंत, त्याने बिल दाखवलं. त्याच्या बाजूने बघा, त्याने नीडफुल केलंच की!

मेल असा करता येईल. इथे मराठीत देतो, तुम्ही इंग्रजी करा:

> विषय: बिल क्र. ११८ (६ ऑगस्ट) जीएसटीआर-१ मध्ये दाखवणे, ११ ऑक्टोबरपर्यंत
>
> नमस्कार,
>
> तुमचं ६ ऑगस्टचं बिल क्र. ११८ (८०,००० अधिक कर १४,४००) आमच्या ऑगस्टच्या २बीमध्ये आलेलं नाही.
>
> हे बिल ऑगस्टच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवायचं राहिलं असेल, तर कृपया सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवा. आधीच दाखवलं असेल, तर नवीन नोंद करू नका. त्या नोंदीत आमचा कोणता जीएसटी नंबर पडला आहे तेवढा २५ सप्टेंबरपर्यंत कळवा, पुढचं आपण फोनवर बोलू.
>
> ८०,००० रुपये ठरलेल्या तारखेला मिळतील. कराचे १४,४०० रुपये बिल २बीमध्ये दिसल्यावर पुढच्या पेमेंटमध्ये सोडू.
>
> बिलाची प्रत आमच्याकडे आहे, पुन्हा पाठवायची गरज नाही.

शेवटची ओळ काढू नका. तुमचा निम्मा पत्रव्यवहार तिथे वाचेल.

---

स्पष्टवक्ता

दोन ओळींचा मेल आता पंधरा ओळींचा झाला. हे साधं लिहिणं?

---

कर_सल्ला

हो, झाला. तुमचे दोन ओळींचे मेल ज्यांना कळतात त्यांना काम आधीच माहीत असतं. या वेंडरला माहीत नाही, म्हणून तर बिल राहिलं.

---

खतावणी

@कर_सल्ला, खूप खूप धन्यवाद. हे वाचून लक्षात आलं की आमच्याकडे हा मेल जे पाठवतात त्यातल्या निम्म्यांना ही दोन कारणं वेगळी आहेत हेच ठाऊक नाही. त्यांना एवढंच माहीत की २बीत नाव नाही, की मसुदा नंबर चार पाठवायचा.

एक शंका. तुमच्या मेलमध्ये 'उत्तर द्या' असं सरसकट नाहीच. आमच्या प्रत्येक मसुद्याच्या शेवटी 'रिव्हर्ट' असतंच.

---

कर_सल्ला

मुद्दाम नाही ठेवलं. राहिलेलं बिल त्याने विवरणात टाकलं की नाही हे १४ ऑक्टोबरला तुम्हाला २बीमध्येच दिसणार. मग 'केलं' असा मेल त्याच्याकडून मागून उपयोग काय? 'केलं' म्हणून मेल येतो आणि केलेलं नसतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. उत्तर फक्त जिथे तुम्हाला माहिती हवी तिथेच मागा, आणि कोणती माहिती तेही सांगा.

आणखी एक राहिलं. तुमचे लहान वेंडर बरेचसे तिमाही विवरण भरणारे असणार. त्यांनी मधल्या महिन्यांत बिलं वेगळी चढवली नाहीत, तर ऑगस्टचं बिल थेट तिमाहीच्या विवरणात येतं, जे १३ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं. अशा माणसाला सप्टेंबरमध्ये तुमचा मेल गेला तर तो बिचारा घाबरतो, कारण त्याचं काहीच चुकलेलं नाही. त्याला निराळा मेल हवा, किंवा मेलच नको.

---

सोसायटी_सचिव

धागा वाचतोय. माझाही असाच अनुभव. आमच्या सोसायटीसमोरचं ड्रेनेज चेंबर पावसाळ्यात तुंबतं, पाणी थेट पार्किंगमध्ये. पालिकेला अर्ज केला, 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.' उत्तर आलं, 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.' पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर, फक्त जावक क्रमांक नवा. यावर काही उपाय आहे का? की साहेबांना भेटूनच काम होतं?

---

जुना_टंकलेखक

मी टंकलेखक म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द मी आयुष्यात किती वेळा टंकले याचा हिशेब नाही. त्यांची थोडी बाजू घेतो, रागावू नका.

सरकारी पत्रात ते दर वेळी आळसाने येत नाहीत. समजा एखाद्या नागरिकाचा अर्ज माझ्याकडे आला आणि विषय दुसऱ्या विभागाचा आहे. तिथल्या अधिकाऱ्याने काय निर्णय घ्यावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी लिहिलं की 'अर्जदाराला परवानगी द्यावी', तर तो विचारेल, हे सांगणारे तुम्ही कोण? म्हणून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' लिहून पाठवायचं. निर्णय त्याचा, मी फक्त कागद योग्य टेबलावर पोचवला. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात आला तर तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. पुढे काय करायचं हे कायद्यातच आहे, तेव्हा तिथे हे मोघम शब्द चालून जातात.

बिघाड कुठे होतो, तर ज्याला निर्णय हवाय तोच मोघम लिहितो तेव्हा. आमच्या टिपणीत हे कधी चालत नसे. टिपणीचा शेवटचा परिच्छेद असा असायचा: 'सबब, अमुक कामासाठी रुपये इतक्या खर्चास, अमुक लेखाशीर्षाखाली, मान्यता असावी.' साहेब त्याखाली फक्त सही करत. 'योग्य निर्णय व्हावा' असं लिहिलेली टिपणी माझे पहिले साहेब शाईने रेघ मारून परत पाठवायचे आणि समासात लिहायचे, 'म्हणजे काय?' तेव्हा सरकारी भाषा मुळातच मोघम आहे असं नाही. जाणारं पत्र मोघम असतं, आतली टिपणी नेमकी असते. लोकांना फक्त जाणारं पत्र दिसतं.

सचिव साहेब, तुमच्या अर्जात पाहणी मागा. 'अमुक इमारतीच्या फाटकासमोरील चेंबर, सोबत फोटो, तुंबण्याच्या तारखा. या चेंबरची पाहणी करून ते साफ करावे, आणि पाहणीची तारीख व पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम आम्हाला कळवावे.' पाहणी ही अशी गोष्ट आहे की ती झाली किंवा झाली नाही. 'योग्य कार्यवाही'मध्ये अर्ज पुढे ढकलणंही बसतं, आणि तुम्हाला मिळालं तेच. आता याने काम होईलच असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी विचारायला तुमच्या हातात काहीतरी राहील.

---

सोसायटी_सचिव

काका, हे मनापासून पटलं. पदनाम कळवावे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आजच नवीन अर्ज करतो.

---

भिडस्त

मी वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. वेंडरला किंवा पालिकेला नेमकं लिहिणं जमेल. पण साहेबांना? माझ्या मॅनेजरकडे एक खरेदी आदेश मंजुरीसाठी अडकलाय. 'काइंडली डू द नीडफुल' लिहून दोनदा आठवण केली. आता 'गुरुवारपर्यंत मंजूर करा' असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावतील. मला नोकरी लागून वर्ष व्हायचंय अजून.

---

स्पष्टवक्ता

बोलावलं तर जा. काम अडलंय ते सांगा. भीती कसली?

---

माहेरवाशीण_डब्लिन

@स्पष्टवक्ता, असं नका हो करू. भीती खरी असते.

@भिडस्त, तारीख तुमच्याकडून आली तर ती हुकूम वाटते. तीच तारीख कामातून आली तर साधी माहिती वाटते. त्या वस्तूला यायला किती दिवस लागतात, त्याआधी काय व्हावं लागतं, हे लिहा आणि ठरवणं त्यांच्यावर सोडा. तुमची केस थोडी सांगाल का?

---

भिडस्त

मशिनची बेअरिंग्ज आहेत. पुरवठादाराने दिलेला दर शुक्रवारी संपतोय, नंतर नवीन दर लागेल. आणि माल यायला तीन आठवडे लागतात. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मशीन देखभालीसाठी बंद राहणार आहे, तेव्हा ती बसवायची आहेत.

---

जुना_टंकलेखक

मग तुमची टिपणी तयारच आहे की. असं लिहा:

> सर, बेअरिंग्जच्या खरेदी आदेशाला तुमची मंजुरी हवी आहे. पुरवठादाराचा सध्याचा दर शुक्रवारी संपतो. माल यायला तीन आठवडे लागतात आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मशीन बंद असताना तो बसवायचा आहे. गुरुवारी मंजुरी मिळाली तर मी त्याच दिवशी आदेश पाठवतो. दर किंवा पुरवठादार याबद्दल शंका असेल, तर दरांची तुलना सोबत जोडली आहे.

यात 'करा' कुठेच नाही. पण साहेबांना कळतं की काय हवंय, कधी हवंय आणि उशीर झाला तर काय होईल. त्यातून त्यांनी नाहीच केलं, तर निदान सगळं लेखी राहतं. अर्थात हे शेवटचं वाक्य मनात ठेवा, मेलमध्ये नको.

---

रात्रपाळी

'काय हवंय' ते पहिल्याच वाक्यात आहे, हे महत्त्वाचं. साहेब मेल मोबाइलवर बघतात. आमच्याकडे लोक आधी सगळा इतिहास लिहितात, खाली दहा मेलची शेपटी, आणि सगळ्यात शेवटी 'अ‍ॅज पर ट्रेलिंग मेल, प्लीज डू द नीडफुल'. म्हणजे काय करायचं ते खालची शेपटी वाचून तुम्हीच शोधा. आणि वर नावं पाच. पाच जणांना मिळून काम सांगितलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. मी 'टू'मध्ये एकच नाव ठेवतो, बाकीचे 'सीसी'त.

---

माहेरवाशीण_डब्लिन

'टू'मध्ये एकच नाव हे मला नेहमी जमत नाही. इथे ते ठीक आहे, पण आमच्या पुण्याच्या ऑफिसमध्ये एका वरिष्ठांना 'सीसी'त टाकलं तर त्यांनी उत्तर दिलं की मला बाजूला का केलंय. तेव्हापासून नावं 'टू'मध्ये सगळी, पण मजकुरात स्पष्ट नाव घेते: 'रचना आराखडा अमुक बघतील, बाकीच्यांना माहितीसाठी.' उपाय अर्धवट आहे, माहितेय.

---

रात्रपाळी

पटत नाही. 'सीसी'वरून रुसणाऱ्यांसाठी मेलची घडी का बिघडवायची? असो.

---

मायमराठी_आग्रही

माझा गैरसमज झाला होता, धागा आता नीट वाचला. तरी एक विचारतो. खतावणी ताई, तुमचे वेंडर जवळपासचेच, बहुतेक मराठी. मग कर सल्लागारांनी लिहिलेला तो मराठी मेल इंग्रजी करून पाठवायचाच कशाला? तो आहे तसाच जास्त कळेल.

---

खतावणी

हा प्रश्न मी हेडना विचारला! ते म्हणाले ऑडिटर बाहेरचे आहेत, मेल इंग्रजीच हवेत. मग असं ठरलं की इंग्रजी मेल, आणि ज्या वेंडरचा फोन येतोच त्यांना तोच मजकूर मराठीत व्हॉट्सअ‍ॅपवर. हे नियमात बसतं का, ते विचारू नका.

बाकी प्रगती अशी. मसुदा नंबर चारचे आता दोन मसुदे झालेत, मासिक विवरणवाल्यांचा आणि तिमाहीवाल्यांचा. पण कोण मासिक आणि कोण तिमाही ही माहितीच आमच्या वेंडर मास्टरमध्ये नाही. म्हणजे मेल सुधारायला बसले आणि निघाला रकाना भरायचा. प्रत्येकाला विचारत बसायचं का?

'जेंटल रिमाइंडर'ही हेडनी काढायला सांगितलंय. त्याऐवजी 'बिल ११८: जीएसटीआर-१ ची मुदत ११ ऑक्टोबर' असाच विषय पुन्हा टाकायचा. मला ते थोडं कोरडं वाटतं, पण करून बघते. 'काइंडली' मात्र त्यांनी स्वतःच राहू दिलं.

---

कर_सल्ला

विचारत बसू नका. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही वेंडरचा नंबर टाकून त्याने कोणतं विवरण कोणत्या काळासाठी, कोणत्या तारखेला भरलं ते बघता येतं. फायलिंग टेबल उघडा. ३बी दर महिन्याला दिसतं की तीन महिन्यांतून एकदा, त्यावरून लगेच कळेल. आणि ज्याने ऑगस्टचं विवरण मुळात भरलेलंच नाही तोही तिथेच सापडेल. त्याला बिल राहिल्याचा मेल पाठवून काही होणार नाही, त्याच्यासाठी तिसरा मसुदा लागेल: 'तुमचं ऑगस्टचं विवरण भरलेलं दिसत नाही, कधी भरणार?' वर्षातून एकदा तपासणी पुन्हा करा, कारण तिमाहीवाला मासिक होऊ शकतो.

---

भिडस्त

काकांनी सांगितला तसाच मेल काल सकाळी पाठवला. दुपारी उत्तर आलं: 'ओके.'

आता हे ओके म्हणजे मंजूर की फक्त वाचलं?

---

जुना_टंकलेखक

आमच्या वेळी साहेब नुसती सही करून खाली तारीख टाकायचे, तिचाही हाच वाद व्हायचा. सिस्टिममध्ये आदेशासमोर मंजुरी पडली आहे का ते आधी बघा. नसेल तर आज अकराच्या आत जाऊन विचारा, मेल नको. 'सर, मंजूर समजून आदेश पाठवू का?' एवढंच.

---

भिडस्त

सिस्टिममध्ये अजून 'पेंडिंग'च दिसतंय. जातो.